दुधाची रात्रपाळी

आमचे चिरंजीव नऊ महिन्यांचे झाले तेव्हा खालचे दोन दात, डोक्याच्या मागे उशीला घासून पडलेलं टक्कल आणि रात्रीची तीन जेवणं एवढी त्यांची संपत्ती होती. दातांचं घरभर कौतुक, टकलाचंही कौतुक. जेवणांचं कौतुक फक्त ज्यांना उठावं लागत नव्हतं त्यांना होतं. पहिलं जेवण मी पाठ टेकली की लगेच, दुसरं मध्यरात्र उलटल्यावर आणि तिसरं पहाटे, कोंबड्यालाही लाज वाटेल अशा वेळी. खाणावळ चोवीस तास उघडी आणि आचारी एकच. ती मी.

"अंगावर पिणारं मूल आहे, उठणारच," असं मला सगळे सांगायचे. सांगणाऱ्यांचे चेहरे झोप झालेले असायचे. मीही ऐकून घ्यायचे, कारण दूध पाजणं मला आवडत होतं. अगदी खरं सांगायचं तर दिवसभरात मला मनापासून आवडणारं तेवढंच एक काम उरलं होतं. बाकी ऑफिस होतंच. रजा संपली होती आणि मी रोज सकाळी कर्वेनगरातून स्कूटरवर खराडीला जात होते. पुण्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला, हेल्मेटच्या आत जांभया देत.

एका सकाळी येरवड्याच्या पुढे सिग्नलला थांबले होते. थांबले एवढंच आठवतं. नंतर आठवतो तो मागच्या रिक्षाचा हॉर्न आणि रिक्षावाल्याचा आवाज, "ताई, घरून उशी घेऊन यायची ना!" सिग्नल हिरवा झाला होता आणि मी दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, हात ब्रेकवर ठेवून चक्क झोपले होते. लोक हसले. मीही हसले. पुढच्या वळणावर गाडी कडेला घेतली आणि खाली उतरून उभी राहिले. चालत्या गाडीवर डोळा लागला असता तर?

त्या दिवशी ठरवलं की हे असं चालणार नाही. रात्री झोप हवी. पण दूध तोडायचं नव्हतं. आणि मला तर दोन्हीकडून हेच ऐकू येत होतं की यातलं काहीतरी एक निवड. ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणायच्या, सरळ बंद करून टाक, मोकळी हो. आणि घरी होत्या माझ्या सासूबाई.

सासूबाई अमरावतीकडच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर शिकवून निवृत्त झालेल्या, आणि माझी रजा संपणार म्हणून बाळासाठी स्वतःचं घर बंद करून आमच्याकडे आलेल्या. शांत असल्या की अगदी पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायच्या. रागावल्या की वऱ्हाडी सुरू व्हायची. त्यामुळे मला घरचं हवामान पहिल्या वाक्यातच कळायचं. रात्री जेवताना मी म्हटलं, "आई, याचं रात्रीचं दूध कमी करावं म्हणते."

त्यांचा घास हातातच राहिला. "काऊन?"

झालं. एका शब्दात ढग भरून आले.

"मला झोप नाही हो मिळत."

"झोपेसाठी लेकराले उपाशी ठेवाचं? असं कुठं असते का माय?"

नवरा भाताकडे बघत जेवत राहिला. आई आणि बायको यांच्या मधे बसलेल्या माणसाला वरण किती मन लावून कालवता येतं हे बघण्यासारखं असतं. मी म्हटलं, उद्या डॉक्टरबाईंना विचारू, त्या म्हणतील तसं. सासूबाई म्हणाल्या, "विचार. कोणताच डॉक्टर असं सांगणार नाही." एवढ्या खात्रीने म्हणाल्या की त्याही आम्हा नवरा-बायकोबरोबर आल्या, मला हरताना बघायला.

आमच्या डॉक्टरबाई गोड बोलण्यासाठी प्रसिद्ध नाहीत. त्यांनी बाळाला काट्यावर ठेवलं, वजन बघितलं, पोट दाबलं, चिरंजीवांनी त्यांचा चष्मा ओढला. "वजन उत्तम आहे. दिवसातून किती वेळा जेवतो?"

"तीन वेळा," सासूबाई अभिमानाने म्हणाल्या. "नाचणीचं सत्त्व, वरणभात तूप घालून, संध्याकाळी खिमट. केळंही खातो कुस्करून."

"मग रात्री त्याला भूक नाही, सवय आहे. जाग प्रत्येक बाळाला येते. याला दूध तोंडात आल्याशिवाय परत झोपता येत नाही, एवढंच." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "घाई कशाला, असं कोणी म्हणत असेल तर तेही खरं आहे. काही मुलं वर्षापर्यंत उठतात आणि आयांचं चालतं. तुमचं चालत नसेल तर कमी करा. पण एकदम तोडायचं नाही. हळूहळू. दूध मात्र दिवसा चालू राहू दे, त्याला अजून ते हवंच आहे."

सासूबाईंचा चेहरा उतरला. मला जिंकल्याचा आनंद होणार एवढ्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, "दिवसा कुठे बसून पाजता?"

"हॉलमध्ये."

"टीव्ही चालू?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. संध्याकाळी मी घरी आले की हॉलमध्ये बसायचे. टीव्हीवर सासूबाईंची मालिका, शेजारी नवऱ्याच्या मांडीवर लॅपटॉप, दारात भाजीवाला, आणि चिरंजीव दोन घोट प्यायले की मान वळवून सगळ्यांचा समाचार घ्यायचे. माझ्या अंगावरून मालिका बघायचे म्हणा ना. मला वाटायचं, पोरगा किती चौकस! डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. "दिवसभर हा माणूस सिनेमा बघतो आणि रात्री जेवायला बसतो. अंधाऱ्या खोलीत दार लावून पाजा. पोट दिवसा भरा."

मग तो कोणत्या वेळी किती पितो ते विचारून त्यांनी पुढचं सांगितलं. तिन्ही वेळा एकदम हात घालायचा नाही. रात्रीचं पहिलं दूध तो जेमतेम चार घोट घेतो, तर ते देऊच नका, थोपटून झोपवा. ते जमलं की मधलं. त्यात तो नीट पितो, म्हणून दर दोन-तीन रात्रींनी थोडं थोडं आधी सोडवा. पहाटेचं सगळ्यात शेवटी. थोपटायला शक्यतो बाबांनी जायचं, कारण आईला बघितलं की त्याला खाणावळच आठवणार. माझी छाती भरून आली तर बरं वाटेल एवढंच पिळून काढायचं, रिकामी करायची नाही. आणि मधे आजारी पडला तर सगळं थांबवायचं, हवं तेव्हा पाजायचं. "रडायला लागला तर एकटा सोडू नका. जवळ राहा. फक्त दूध देऊ नका."

"बाबांनी" हा शब्द ऐकून नवऱ्याने एकदम मान वर केली. नऊ महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्यावर रात्रीची जबाबदारी येत होती. तोपर्यंत तो उठायचा, नाही असं नाही. उठायचा, "रडतोय गं," असं मला सांगायचा, आणि परत झोपायचा.

संध्याकाळचं दूध लगेच सुधारलं. मी कपडे बदलून बाळाला घेऊन बेडरूममध्ये जायचे, पडदे ओढायचे. पहिल्या दिवशी त्याने शोधाशोध केली, मालिका कुठे गेली म्हणून. मग काही करायला नाही म्हटल्यावर इतका प्यायला की त्याचा त्यालाच ढेकर आला. झोपायच्या आधी पुन्हा एकदा, पोटभर. दुपारसाठी मी ऑफिसात दूध काढून आणायचे, ते सासूबाई वाटी-चमच्याने पाजायच्या. माझ्यावरचा राग त्या वाटीत कधी उतरला नाही, हे मी मान्य केलंच पाहिजे.

रात्रीची व्यवस्था अशी लागली की बेडरूममध्ये बाळ आणि बाबा, आणि मी सासूबाईंच्या खोलीत. म्हणजे ज्या बाईला हे सगळं मुळीच पसंत नव्हतं, तिच्याच शेजारी मला झोपायचं होतं. पहिल्या रात्री पलीकडून रडू आलं. मी डोळे मिटून पडून राहिले. अंधारातून आवाज आला, "ऐकते ना?"

"ऐकतेय."

"मले वाटलं झोपली असशील. तुमच्या पुण्याच्या लोकांले झोप लवकर लागते."

टोमणे मारणं ही आमच्या शहराची मक्तेदारी आहे असं मला तोवर वाटायचं.

तिकडे नवऱ्याचे हाल चालले होते. त्याने थोपटलं, कडेवर घेतलं, खिडकीतून रस्ता दाखवला. पोरगा त्याच्या शर्टाला तोंड लावायचा, काही मिळालं नाही की आणखी चिडायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंना दया आली, माझी नव्हे, स्वतःच्या मुलाची. म्हणाल्या, लेकराला आईचा वास पाहिजे, तू तिचा गाऊन घाल. नवरा सहा फूट, दाढीवाला. त्याने रात्री माझा निळ्या फुलांचा गाऊन खरोखर घातला. माझं हसू आवरेना. सासूबाई गंभीर.

व्हायचं तेच झालं. गाऊनला दुधाचा वास होता. पोराने वास घेतला, आनंदाने हुंकार दिला, गाऊनची बटणं गाठली आणि आत बघितलं तर दाढीवाल्या माणसाची केसाळ छाती! इतका मोठा विश्वासघात त्याच्या आयुष्यात झाला नव्हता. त्याने जो टाहो फोडला त्याने खालच्या मजल्यावरचे दिवे लागले. सकाळी खालच्या काकू जिन्यात भेटल्या. "बाळ बरं आहे ना?"

"हो काकू, छान आहे."

"तेच म्हणते. आवाजावरून तब्येत उत्तमच वाटते," म्हणाल्या आणि चपला वाजवत खाली गेल्या.

गाऊन धुवायला गेला. नवऱ्याने धुतलेला जुना टी-शर्ट घातला, ज्याला कसलाच वास नव्हता, आणि स्वतःची युक्ती काढली. तो आयटीतला. बाळाला खांद्यावर घेऊन तो दिवसभर केलेल्या कामाचा अहवाल द्यायला लागला. हळू आवाजात, एका सुरात. कुठलं मॉड्यूल अडकलं, कोणाच्या चुकीमुळे अडकलं, क्लायंट काय म्हणाला. मी सासूबाईंच्या खोलीतून ऐकायचे आणि मलाच गुंगी यायची. पोरगा आधी कुरकुर करायचा, मग ऐकायचा, मग जड व्हायचा. पाच-सहा रात्रींत पहिलं जेवण सुटलं. नवरा सकाळी इतका फुगून बसला होता की त्याला चहा मी करून दिला. "माझ्याकडे झोपला," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "माझ्याकडे, काही न पिता." त्याला बाप झाल्याचं त्या दिवशी कळलं असावं. मला तो फार आवडला तेव्हा.

मधल्या जेवणाला मला जावंच लागायचं. तो प्यायचा, आणि दर दोन-तीन रात्रींनी मी थोडं आधी करंगळी ओठांच्या कडेने घालून अलगद सोडवायचे आणि बाबांच्या खांद्यावर द्यायचे. निम्म्यावर आलो आणि पोराला सर्दी झाली. नाक बंद, अंग कोमट. सगळं थांबवलं. चार-पाच रात्री त्याला हवं तेव्हा मी पाजलं, बसून, कुशीत घेऊन. सासूबाईंनी मला त्या दिवसांत जायफळ घातलेलं दूध करून दिलं आणि म्हणाल्या, "आता तरी सोड हा नाद." मला खरंच वाटलं की सोडावा. सगळी मेहनत पाण्यात गेली, आता पुन्हा पहिल्यापासून. स्कूटर बंद केली, कॅब सुरू केली आणि कॅबमध्ये तोंड उघडं टाकून झोपायला लागले.

पण सर्दी गेली आणि पुन्हा सुरू केलं तेव्हा पोरगा आमच्यापेक्षा शहाणा निघाला. अहवाल ऐकायची सवय त्याची मोडली नव्हती. मधलं दूध घटत घटत नावापुरतं राहिलं आणि एका रात्री त्याने मागितलंच नाही. मग पहाटेचं. ते हळूहळू पुढे सरकत गेलं. मला एवढंच हवं होतं की ते सरकत सरकत सकाळ व्हावी. मी झोपून उठावं, त्याने झोपून उठावं, आणि मग आम्ही दोघांनी उजेडात, घाई न करता बसावं. माझ्या मनात तेच चित्र होतं. दूध तोडायचं नव्हतं म्हणून तर हा एवढा खटाटोप.

आणि ती सकाळ आली. शनिवार होता, ऑफिस नाही. मी जागी झाले तर खोलीत लख्ख ऊन. शेजारची गादी घडी करून ठेवलेली. कोणी उठवलं नव्हतं! नऊ-दहा महिन्यांत पहिल्यांदा रात्रभर सलग झोप. छाती मात्र दगडासारखी झालेली, गाऊन ओला. मी धावतच हॉलमध्ये गेले. सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि नाचणीच्या सत्त्वाची वाटी चाटूनपुसून रिकामी होती.

"झोपू दिलं तुला," त्या म्हणाल्या. "म्हटलं, एवढे दिवस झोप झोप करते आहे. हा उठला, मी भरवलं. पोटभर खाल्लं शहाण्याने."

मी त्याला उचललं, बेडरूममध्ये नेलं, पडदे ओढले. जवळ घेतलं. त्याने तोंड लावलं, मग तोंड फिरवलं. मी पुन्हा घेतलं. त्याने दोन्ही हातांनी मला ढकललं आणि दाराकडे बघून हसला. आजी दिसली होती त्याला.

मला रडू फुटलं. हुंदके देऊन, लहान मुलीसारखी रडले मी. झोप मिळाली होती, मला हवी होती ती सगळी मिळाली होती, आणि दूध माझ्या गाऊनवर सांडत होतं. मला वाटलं, संपलं. मीच संपवलं. माझ्या हाताने.

सासूबाई दारातून आत आल्या. मला वाटलं आता म्हणतील, सांगितलं होतं ना. त्यांनी बाळाला माझ्या मांडीवरून घेतलं, खाली सतरंजीवर ठेवलं, त्याच्या हातात वाटी दिली वाजवायला, आणि माझ्या शेजारी बसल्या.

"त्याचं पोट भरलं आहे गं फक्त," त्या म्हणाल्या. "माझी चूक झाली. मी आधी तुझ्याकडे आणायला पाहिजे होतं."

मी डोळे पुसत राहिले.

"तुझ्या नवऱ्याचं मी एका दिवसात तोडलं," त्या म्हणाल्या. बोलणं आता पुस्तकातलं राहिलं नव्हतं, पण रागही नव्हता. "नोकरी लागली होती. दूरच्या गावची शाळा. सासू म्हणे, लेकराले इथं ठेव अन् जा. कडुलिंबाचा पाला वाटून लावला तिनं मले. हा आला, तोंड लावलं, अन् माह्याकडं असं पाह्यलं की मीच कोणतरी दुसरी हाये. पुन्हा आलाच नाही जवळ. सुट्टीत घरी गेली तरी नाही. मले वाटे, तुह्याही बाबतीत तसंच चाल्लं हाये. हळूहळू सोडवता येते, हे मले कोणी सांगितलंच नाही, माय."

एवढे दिवस अंधारात माझ्या शेजारी त्या का जाग्या राहत होत्या ते मला तेव्हा कळलं. मी त्यांचा हात धरला.  पोराने वाटी जमिनीवर आपटून आपटून कानाचे पडदे फाडले, म्हणून शेवटी उठावंच लागलं.

मी बाथरूममध्ये जाऊन थोडं दूध पिळून काढलं, बरं वाटेल एवढंच. दुपारपर्यंत त्याच्या मागे लागून पाजायला गेले नाही. पण दिवसभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दुपारी तो झोपून उठला तेव्हा वाटी घेऊन आत निघालेला नवरा सासूबाईंनी दारातच अडवला. "नको. आधी तिच्याकडे." मग अर्धवट झोपेतल्या बाळाला त्यांनी स्वतः माझ्या मांडीवर आणून ठेवलं, पडदे ओढले, आणि जायच्या ऐवजी पलंगाच्या कडेला बसल्या.

त्याने जांभई दिली. तोंड लावलं. दोन घोट घेतले आणि सोडून मान वर केली. माझ्याकडे बघत राहिला. मी श्वास रोखून धरला. सासूबाईंनीही धरला असावा, कारण खोलीत पंख्याशिवाय कसलाच आवाज नव्हता. मग तो हसला, दोन दात दाखवून, आणि पुन्हा खाली वाकून प्यायला लागला.

"आला वं परत," सासूबाई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या.